चार महिने कपाटात पडलेला लॅपटॉप, एकही लाइट नाही, आणि दुकानदार म्हणाला मदरबोर्ड गेला

ताईचा फोन आला दिवाळीच्या सुट्टीत, की भाचीचा लॅपटॉप मेला. मेला म्हणजे काय विचारलं तर म्हणे काहीच होत नाहीये, बटण दाबलं तरी नाही, चार्जर लावला तरी नाही, तो बाजूचा बारका लाइट पण लागत नाही. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला होता, सकाळी तसाच. मग साताऱ्यातल्या एका दुकानात नेला, त्याने दहा मिनिटं आत नेऊन बाहेर आणला आणि सांगितलं मदरबोर्ड गेलाय, साडेअकरा हजार होतील, त्यापेक्षा नवीन घ्या. भाची रडकुंडीला, कारण प्रोजेक्टच्या सगळ्या फायली त्यातच.

मी म्हटलं आधी पुण्याला पाठवून दे, काही विकू नकोस, काही उघडू नकोस. आणि एक प्रश्न विचारला, शेवटचा कधी वापरला होता? उत्तर आलं जूनमध्ये. परीक्षा संपली, झाकण बंद केलं, कपाटात टाकला, नंतर तिला कॉलेजकडून दुसरा लॅपटॉप मिळाला म्हणून हा विसरला गेला. बंद करताना बॅटरी किती होती? "मामा, लाल झाली होती, आठ टक्के वगैरे." इथंच निम्मं प्रकरण कळलं होतं खरं तर.

लॅपटॉप कसला ते सांगतो, ब्रँडने काही फरक पडत नाही. चौदा इंची पातळ मॉडेल, तीन वर्षं जुनं, बॅटरी आत बसवलेली (बाहेरून काढता येत नाही), गोल पिनचा चार्जर नाही, टाइप सीवरच चार्ज होतो, सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर 65 वॉटचा. बॅटरी तीन सेलची, 45 वॉट-अवरची.

पहिली गंमत अशी की ताईने रात्रभर जो चार्जर लावला होता तो लॅपटॉपचा नव्हताच. टाइप सी आहे ना, मग मोबाईलचाच लावला, 18 वॉटचा. पिन बसते म्हणून माणूस समजतो चार्ज होतंय. पण टाइप सीमध्ये चार्जर आपणहून फक्त 5 व्होल्ट देतो, त्यापेक्षा जास्त हवे असतील तर पलीकडच्या उपकरणाने मागायचे असतात. बॅटरी चांगली असताना लॅपटॉप मागतो, आणि चार्जरला 20 व्होल्ट देता येत असतील तर देतो. मोबाईलचा चार्जर 9 नाहीतर 12 व्होल्टवर थांबतो. तीन सेलची बॅटरी भरायला साडेबारा व्होल्टच्या आसपास लागतात, आणि बरेच लॅपटॉप ठराविक वॉटच्या खालचा चार्जर सरळ नाकारतात, बॅटरी पूर्ण रिकामी असताना तर हमखास. तेव्हा त्या रात्री आत काहीच गेलं नव्हतं. दुकानदाराने कुठला चार्जर लावून बघितला ते मला माहीत नाही, पण ताईने लॅपटॉपसोबत त्याच्याकडे तोच मोबाईलचा चार्जर दिला होता एवढं तिने कबूल केलं.

पार्सल आलं, त्यात या वेळी ओरिजिनल अ‍ॅडॉप्टर होता. माझ्याकडे एक बारका यूएसबी मीटर आहे, चार्जर आणि लॅपटॉपच्या मध्ये लावायचा, किती व्होल्ट आणि किती अँपिअर चाललेत ते दाखवतो, चार-पाचशे रुपयाला मिळतो, आणि लाइट न लागणाऱ्या लॅपटॉपचं तोंड उघडायला याच्याइतकी स्वस्त वस्तू नाही. अ‍ॅडॉप्टर लावला, मीटरवर 5.1 व्होल्ट आणि 0.01 अँपिअर. थांबलो. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, अर्धा तास. तेवढंच. 20 व्होल्ट आलेच नाहीत. अ‍ॅडॉप्टर खराब नाही ना म्हणून माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला तीच केबल तोच अ‍ॅडॉप्टर लावला, लगेच 20 व्होल्ट. म्हणजे चार्जर बरोबर, केबल बरोबर, हा लॅपटॉप मागतच नाहीये. दुसरा टाइप सी पोर्ट पण बघितला, तेच.

इथं थोडं थांबून आत काय असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं जादूटोणा वाटेल. लॅपटॉप बंद असला तरी आत एक छोटी चिप जागी असते, रिपेअरवाले तिला ईसी म्हणतात. पॉवर बटण दाबलं का, झाकण उघडलं का, चार्जर लावला का, बॅटरी किती आहे, चार्जिंगचा लाइट लावायचा का, हे सगळं तीच बघते. म्हणजे तो बारका लाइट चार्जरला जोडलेला नसतो, तो ईसी लावते. ईसी झोपली किंवा अडकली तर चार्जर लावूनही लाइट नाही, बटण दाबूनही काही नाही, अगदी मदरबोर्ड जळाल्यासारखं दिसतं. तिच्या शेजारी टाइप सीवर व्होल्ट मागणारी आणखी एक चिप असते, ती पण अशीच.

आता आठ टक्क्यांवर झाकण बंद केल्यावर काय झालं असेल? झाकण बंद म्हणजे स्लीप, बंद नाही. ही बॅटरी वापरून वापरून साधारण 40 वॉट-अवरवर आलेली धरा, त्याचे आठ टक्के म्हणजे 3.2 वॉट-अवर. स्लीपमध्ये असले लॅपटॉप अर्धा वॉट सहज खातात, म्हणजे साडेसहा तासात ते संपलं, मग विंडोजने सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप बंद केला. पण स्क्रीनवरचे शून्य टक्के म्हणजे सेल खरंच रिकामा नसतो, खाली थोडं राखीव ठेवलेलं असतं, सेल 3 व्होल्टच्या आसपास असतो. आणि त्या राखीवातून ईसी हळूहळू पीत राहते. उदाहरणादाखल बंद असताना 5 मिलिवॉट जातात असं धरलं, तर पूर्ण भरलेल्या 40 वॉट-अवरला 8000 तास लागतील, जवळजवळ अकरा महिने. त्याच हिशेबाने 3.2 वॉट-अवरला 640 तास, सत्तावीस दिवस, आणि ते सुद्धा स्लीपऐवजी नीट शटडाउन केला असता तर. सेल स्वतः बसल्या बसल्या थोडा उतरतो तो वेगळाच. म्हणजे तोच लॅपटॉप भरून ठेवला असता तर दिवाळीला टुणकन उठला असता.

मग मीटर बघून मला काय वाटलं? जुन्या मोबाईलसारखी एकदम बॅटरी काढली तर चिपची वीज झटक्यात जाते आणि परत आली की ती नव्याने सुरू होते. इथं मात्र वीज महिनोन्महिने थेंबाथेंबाने उतरत गेली. अशा वेळी चिप ना धड चालू ना धड बंद, अर्धवट अडकते, आणि बॅटरीत थोडा जीव शिल्लक असल्यामुळे तिला तेवढीच अपुरी वीज मिळत राहते. चार्जर लावला तरी तिच्या दृष्टीने नवीन सुरुवात होतच नाही. तिला एकदा पूर्ण उपाशी ठेवायला लागतं.

बाहेरून करायचा उपाय आधी केला. अ‍ॅडॉप्टर काढला, पॉवर बटण साठ सेकंद दाबून धरलं, दोन मिनिटं थांबलो, परत लावला. काही नाही. काही लॅपटॉपला, थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलला, मागच्या बाजूला टाचणी जाईल एवढं भोक असतं, आत बारीक रीसेट बटण, ते दाबलं की बॅटरीचं कनेक्शन आतल्या आत तुटतं आणि उघडायची गरजच पडत नाही. (भोक दिसलं म्हणून टाचणी घालू नका, माइकचं पण तसंच असतं, मॉडेलची माहितीपुस्तिका बघा.) याला ते नव्हतं. उघडायलाच लागणार.

मागचे नऊ स्क्रू, त्यातले दोन रबरी पायांखाली लपवलेले, आणि कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवून पत्रा सोडवला. लोखंडी पट्टी घालायची नाही, खाली बॅटरीच पसरलेली असते. उघडल्यावर पहिलं काम बोटाने नाही, डोळ्याने. बॅटरी फुगली आहे का, उशीसारखी झाली आहे का, कुठून गोडसर सॉल्व्हंटसारखा वास येतोय का, चिकट काही आहे का. फुगलेली असती तर लेख इथंच संपला असता, नवीन बॅटरी घ्यायची आणि जुनी ई-कचऱ्यात द्यायची, चार्ज करून बघणं वगैरे नाहीच. ही एकदम सपाट होती.

बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून सोडवला आणि मल्टीमीटरने कडेच्या जाड तारांच्या पिनांवर व्होल्ट बघितले. हे करताना हात स्थिर हवा, पिना अगदी चिकटून असतात, प्रोब घसरला आणि दोन पिना एकत्र आल्या तर ठिणगी. आकडा आला 7.6 व्होल्ट. तीन सेल ओळीत, म्हणजे एका सेलला साधारण 2.5.

या आकड्यावर सगळं ठरतं म्हणून जरा सविस्तर. चांगला भरलेला लिथियम सेल 4.2 व्होल्ट असतो, लॅपटॉप त्याला 3 च्या आसपास रिकामा समजतो. 2.5 च्या आसपास बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट सेल बाहेरून तोडून टाकतं, आणि मग कनेक्टरवर शून्य किंवा शून्याजवळचं काहीतरी दिसतं. लोक तो शून्य बघून बॅटरी मेली म्हणतात, पण तो दरवाजा बंद असल्याचा शून्य असतो, आत काय उरलंय ते बाहेरून कळत नाही, बरोबर चार्जर लागला की बरेचदा दरवाजा उघडतो. खरी भीती सेल 2 व्होल्टच्या खाली जाऊन तिथंच महिनोन्महिने राहण्याची. तिथं आतली तांब्याची पातळ पट्टी विरघळायला लागते, आणि परत चार्ज केलं की ते तांबं भलत्याच जागी जमतं आणि आतल्या आत शॉर्ट व्हायचा धोका. असा सेल चार्ज झालेला दिसतो पण पुढे कधीतरी गरम होतो. आमचा आकडा काठावरचा पण वरच्या बाजूचा. फक्त 7.6 ही तिघांची बेरीज, तिघं सारखेच 2.5 आहेत की एकजण 2.0 वर आहे हे त्यातून दिसत नाही, म्हणून पुढे लक्ष ठेवायला लागणारच होतं.

बॅटरी सुटलेलीच ठेवली, पॉवर बटण तीस सेकंद दाबलं म्हणजे बोर्डावर साठलेली उरलीसुरली वीज पण गेली. पाच मिनिटं चहा. मग बॅटरीशिवायच अ‍ॅडॉप्टर लावला.

मीटर 5 वरून टक्कन 20 व्होल्टवर. कडेचा लाइट नारिंगी, फडफडला. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळी. इथं घाबरून बटण परत दाबू नये, सगळी वीज गेल्यानंतर पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅम नव्याने तपासून घेतो, याला जवळजवळ एक मिनिट लागलं. मग लोगो आला, तारीख चुकीची असल्याचा मेसेज आला, कारण घड्याळ पण याच बॅटरीवर चालत होतं. तारीख सेट केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणत बसतो आणि माणसाला वाटतं व्हायरस. आणि एक, डिस्क बिटलॉकरने लॉक असेल तर अशा रीसेटनंतर ती 48 आकडी रिकव्हरी की मागू शकते, तेव्हा उघडायच्या आधीच ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून ठेवलेली बरी. भाचीकडे होती, लागली नाही.

म्हणजे साडेअकरा हजाराचा मदरबोर्ड ठणठणीत. भाचीला व्हिडिओ कॉलवर तिचं डेस्कटॉप दाखवलं, तिने आधी फायली पेन ड्राइव्हवर घ्यायला लावल्या, आणि ते बरोबरच होतं, बॅटरी परत जोडायच्या आधीच डेटा बाहेर काढलेला बरा.

आता बॅटरी. लॅपटॉप बंद केला, अ‍ॅडॉप्टर काढला, कनेक्टर बसवला, पत्रा नुसता ठेवला, आणि फरशीवर ठेवून अ‍ॅडॉप्टर लावला. गादीवर नाही, टेबलावर कागदांच्या ढिगाऱ्यात नाही, आणि मी खोलीतच. मीटर 20 व्होल्ट, 0.15 अँपिअर, म्हणजे फक्त 3 वॉट. 65 वॉटचा अ‍ॅडॉप्टर आणि 3 वॉट? हे बरोबर आहे. इतक्या रिकाम्या सेलला चार्जिंगची चिप एकदम करंट देत नाही, आधी अगदी बारीक धार सोडते, पूर्ण वेगाच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी, सेल 3 व्होल्टच्या जवळ आला की मगच नळ पूर्ण उघडते. या काळात लाइट लागेलच असं नाही, टक्का शून्यच दिसतो, आणि इथंच लोक दर पाच मिनिटांनी चार्जर काढून लावतात, बटण दाबून बघतात, म्हणजे जी काही बारीक धार आत गेली ती उडवून टाकतात. लावायचा आणि हात लावायचा नाही.

पस्तीस मिनिटांनी 0.15 चे एकदम 1.9 अँपिअर झाले. साधारण 38 वॉट. तेव्हा जरा सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हे झालं नसतं तर काय, ते पण सांगतो कारण अर्ध्या लोकांचं तिथंच अडतं. तास-दीड तास बारीक धार चालूनही आकडा वर जात नाही, किंवा धार मध्येच बंद होते, तर बॅटरी गेली. चार्जिंगच्या चिपमध्ये त्यासाठी टायमर असतो, तेवढ्या वेळात सेल वर आला नाही की ती प्रयत्न सोडते. काही बॅटऱ्या एका मर्यादेखाली गेल्या की स्वतःलाच कायमचं बाद करतात, मग सेल बरे असले तरी ती बॅटरी परत चालत नाही. अशा वेळी बाजारात कोणीतरी "झटका देऊन" बॅटरी उठवतो म्हणतो, म्हणजे संरक्षण सर्किटला बगल देऊन बाहेरून थेट सेलला व्होल्ट द्यायचे. होतं चालू, नाही असं नाही. पण ज्या सर्किटने सेल धोकादायक आहे म्हणून दार लावलं त्यालाच बाजूला करून ती बॅटरी मांडीवर घ्यायची, मला नाही पटत. नवीन बॅटरी तीन-चार हजारात येते, आणि तोवर बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय अ‍ॅडॉप्टरवर चालतात, सगळे नाही, काही बॅटरी नसेल तर उठतच नाहीत.

चार्ज चालू असताना दर दहा मिनिटांनी हाताचा मागचा भाग बॅटरीच्या तिन्ही सेलवर लावून बघत होतो. तिन्ही सारखेच कोमट. एकच सेल बाकीच्यांपेक्षा गरम लागला असता तर तिथंच प्लग काढला असता. अडीच-पावणेतीन तासात 100 टक्के. पत्रा बसवला, स्क्रू लावले, एक उरला. (सापडली जागा नंतर, रबरी पायाखालची.)

मग विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवलं:

```
powercfg /batteryreport
```

याने एक फाइल तयार होते, ब्राउझरमध्ये उघडायची, त्यात DESIGN CAPACITY समोर 45,000 mWh आणि FULL CHARGE CAPACITY समोर 36,180. म्हणजे नव्याच्या ऐंशी टक्के. खाली महिन्यांचा इतिहास असतो, त्यात जूनमधला आकडा 39,900 होता. पण लगेच या आकड्यावर विश्वास ठेवू नका, इतकी खोल उतरलेली बॅटरी स्वतःचं मोजमाप विसरलेली असते, एकदा पूर्ण भरून नेहमीसारखी वापरून दहा-बारा टक्क्यांपर्यंत आणली आणि परत भरली की मग खरा आकडा येतो. तसं केल्यावर 37,400 आला. चार महिन्यांच्या उपासात अडीच हजार गेले, ठीक आहे.

मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी चाचणी, आतल्या शॉर्टची. बॅटरी 60 टक्क्यांवर आणली, शिफ्ट दाबून धरून शटडाउन केला (विंडोजचं साधं शटडाउन अर्धवट झोप असते, शिफ्टने पूर्ण बंद होतो), अ‍ॅडॉप्टर काढून दोन दिवस कपाटावर ठेवला. दोन दिवसांनी 59. एखाद-दुसरा टक्का चालतो. पाच-सहा टक्के गेले असते तर सेल आतून गळतोय असं धरून बॅटरी बदलायला सांगितली असती, वापरताना कितीही चांगली वाटली तरी. तेच परत दोन आठवड्यांनी करून बघायला सांगितलंय भाचीला, कारण तांब्याचा प्रकार असेल तर तो लगेच दिसेलच असं नाही.

लॅपटॉप परत साताऱ्याला गेला. तो आता ताई वापरणार आहे, आठवड्यातून एखाद वेळा, म्हणजे परत कपाटात जाण्याची पूर्ण शक्यता. म्हणून मी झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली, 60 टक्के, शिफ्ट धरून बंद, दोन महिन्यांनी एकदा चार्ज. आणि अ‍ॅडॉप्टरवर जाड मार्करने लिहिलं, हा लॅपटॉपचा. ताईने फोन करून विचारलं, "मग मोबाईलला हा लावला तर चालतो का?" चालतो म्हटलं, तो उलटा प्रकार चालतो, मोबाईल जेवढे मागेल तेवढेच व्होल्ट हा देतो.